बावीस किलोवॉटची मोटर आणि नऊशे नव्वद लिटरची टाकी

तीन कोटेशनं आली होती आणि तिन्हींतले आकडे वेगळे होते. सावंतवाडीतल्या पन्नास खाटांच्या एका खासगी रुग्णालयाला नवा डिझेल जनरेटर घ्यायचा होता. एका विक्रेत्याने ८२.५ केव्हीएचा सुचवला, दुसऱ्याने १२५ चा, तिसऱ्याने थेट २०० चा. किमतींत फरक असणार हे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांनी गृहीत धरले होते, पण एकाच इमारतीला लागणारी वीज तिघांना तीन प्रकारची कशी दिसते, हे त्यांना उलगडेना. त्यांनी कुडाळहून एका विद्युत सल्लागार बाईंना बोलावले. “मॅडम, कुठला घेऊ ते सांगा. आणि का घ्यायचा ते मला कळेल अशा भाषेत लिहून द्या. उद्या मी नसलो तरी कागद असायला हवा.”

तिघांचे गणित तिने आधी उलगडून पाहिले. इमारतीतल्या सगळ्या उपकरणांच्या पाट्यांवरची बेरीज ९८ किलोवॉट होत होती. पहिल्याने तिचे पासष्ट टक्के धरले आणि ०.८ च्या पॉवर फॅक्टरने भागले. उत्तर ऐंशीच्या आत, म्हणून ८२.५. दुसऱ्याने टक्केवारीच्या भानगडीत न पडता सरळ ९८ ला ०.८ ने भागले आणि वरचा आकडा उचलला. तिसऱ्याने पुढच्या दहा वर्षांची वाढ धरली. तिघांनीही बेरीज केली होती. जिन्यामागच्या खोलीतली मोटर सुरू होताना काय होते, ते पाहायला मात्र कोणी गेले नव्हते.

ती मोटर ऑक्सिजन प्लांटच्या कॉम्प्रेसरची. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यभर अनेक रुग्णालयांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट बसवले, तसा इथेही बसला होता. मिनिटाला अडीचशे लिटर ऑक्सिजन देणाऱ्या या प्लांटचा कॉम्प्रेसर २२ किलोवॉटचा, म्हणजे तीस अश्वशक्तीचा. सिलिंडरला वीज लागत नाही, प्लांटला लागते. त्यामुळे वीज गेल्यावर जनरेटरवर आता दिव्या-पंख्यांच्या जोडीला ऑक्सिजनचाही भार आला होता, आणि जुना ६२.५ केव्हीएचा जनरेटर तिथेच मार खात होता.

वायरमन काकांनी त्याचे दुखणे एका वाक्यात सांगितले. “मॅडम, कॉम्प्रेसर सुरू झालो की ऑपरेशनचो एसी बंद पडता.”

तिने मेन बंद करायला लावला आणि जुन्या जनरेटरवर कॉम्प्रेसर सुरू करून पाहिला. हातात सुरुवातीचा झटका पकडून ठेवणारा टाँग टेस्टर होता. अशी मोटर चालताना साधारण ४० अँपिअर घेते. पण थांबलेली मोटर थेट लाइनवर टाकली, तर पहिले काही क्षण ती साडेसहापट, म्हणजे अडीचशेच्या पुढे करंट ओढते. तो कमी करण्यासाठी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो: मोटर आधी स्टार जोडणीत सुरू होते, तेव्हा करंट एक तृतीयांशावर येतो, आणि तिने वेग धरला की टायमर तिला डेल्टात टाकतो. इथेही स्टार-डेल्टाच होता. मीटरवर पहिला झटका ८५ च्या आसपास आला, अपेक्षेप्रमाणे. मग तीन सेकंदांनी खट्ट आवाज झाला आणि दुसरा झटका दोनशे तीसच्या वर गेला. त्याच क्षणी ट्यूबलाइट मंदावल्या, व्होल्टमीटरचा काटा ४१५ वरून २८० च्या जवळ आला आणि शेजारच्या पॅनेलमधला ऑपरेशन थिएटरच्या एसीचा काँटॅक्टर सुटला.

दुसरा झटका पहिल्याहून मोठा असेल, तर स्टार्टर आपले काम करत नाही, असे समजावे. टायमर तीन सेकंदांवर ठेवलेला होता. तेवढ्यात मोटर निम्म्या वेगालाही पोचत नव्हती, आणि डेल्टात जाताना जवळजवळ थेट सुरू केल्यासारखाच करंट ओढत होती. तिने टायमर नऊ सेकंदांवर नेला आणि कॉम्प्रेसरमधली साठलेली हवा पूर्ण सुटल्यावर पुन्हा सुरू केला. दुसरा झटका शंभराच्या आत आला. एसी चालूच राहिला.

“मग जुनाच चालेल की!” डॉक्टर म्हणाले.

चालला नसता, पण त्याचे कारण वेगळे होते, आणि तिने लिहून दिलेल्या टिपणातला सर्वांत लांब परिच्छेद त्यावरच आहे. जनरेटर म्हणजे एका पाटावर बसवलेली दोन यंत्रे. इंजिन किलोवॉट देते, अल्टरनेटर केव्हीए सांभाळतो. सुरू होणारी मोटर करंट भरपूर ओढते, पण त्या क्षणी तिचा पॉवर फॅक्टर फार कमी असतो, त्यामुळे इंजिनावर प्रत्यक्ष ताण बेताचाच येतो. मार बसतो तो अल्टरनेटरला, आणि तो व्होल्टेज पडण्याच्या रूपात दिसतो. किती पडेल याचा अंदाज साध्या गणिताने काढता येतो. मोटरचे सुरुवातीचे केव्हीए घ्यायचे, त्याला अल्टरनेटरच्या ट्रान्झिएंट रिअॅक्टन्सने गुणायचे, आणि आलेला आकडा जनरेटरच्या केव्हीएत मिळवून त्या बेरजेने भागायचे. रिअॅक्टन्स निर्मात्याच्या तक्त्यात असतो, तिने ०.१८ धरला आणि तसे लिहिले.

ही मोटर चालताना सुमारे २८ केव्हीए घेते. थेट सुरू केली तर १८०, नीट लावलेल्या स्टार-डेल्टावर ६०. त्यावरून ६२.५ केव्हीएच्या जनरेटरवर व्होल्टेज थेट सुरुवातीला ३४ टक्के पडते, म्हणजे ४१५ चे सुमारे २७५ होतात. मीटरने दाखवलेला आकडा याच्या जवळपास होता, त्यामुळे गणितावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. स्टार-डेल्टावर तेच व्होल्टेज १५ टक्क्यांच्या आत राहते. ८२.५ वर हे दोन आकडे २८ आणि १२ टक्के, १०० वर साधारण २५ आणि १०, १२५ वर २१ आणि ८.

म्हणजे नुसत्या सुरुवातीच्या झटक्याचा विचार केला, तर टायमर नीट असेपर्यंत ८२.५ सुद्धा पास होतो. तो नापास झाला चालत्या भारावर. तिने दोन दिवस मेन पॅनेलवर रेकॉर्डर लावून ठेवला होता. दोन्ही ऑपरेशन थिएटर, त्यांचे एसी, आयसीयूच्या सहा खाटा, ऑटोक्लेव्ह आणि कॉम्प्रेसर एकदम चालू असताना भार ७० किलोवॉटपर्यंत गेला. ८२.५ केव्हीएचा जनरेटर जास्तीत जास्त ६६ किलोवॉट देतो. जुना तर फक्त ५०. पहिल्या विक्रेत्याची पासष्ट टक्क्यांची फूटपट्टी एखाद्या शाळेला चालेल. रुग्णालयात मोठे भार नेमके एकत्रच येतात, कारण ऑपरेशन सुरू असते तेव्हाच एसीही चालतो, ऑक्सिजनही लागतो आणि पुढच्या केसची उपकरणेही ऑटोक्लेव्हमध्ये असतात.

मग २०० का नको? डॉक्टरांचा कल तिकडेच होता. मोठे घेतले की निश्चिंती, ही आपल्याकडची जुनी समजूत. पाण्याची टाकी घेताना ती बरोबरही असते. पण रेकॉर्डरवर रात्री दोनचा भार तीस किलोवॉट होता. २०० केव्हीएचे इंजिन १६० किलोवॉटचे, म्हणजे रात्रभर ते वीस टक्क्यांखाली चालणार. डिझेल इंजिन तीस टक्क्यांहून कमी भारावर तासन् तास चालले, तर पुरेसे तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, आणि न जळलेले इंधन तेलकट काजळी होऊन सायलेन्सरच्या सांध्यांतून ठिबकू लागते. लोक म्हणतात इंजिन ऑइल गळतेय, मेकॅनिक गॅस्केट बदलतो, आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

जुलै २०२३ पासून यात आणखी एक भर पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४ प्लस नियम नव्या जनरेटरना लागू झाले. या आकाराच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी धुराड्यात युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, फवारावे लागते. धूर पुरेसा गरम नसेल तर ती यंत्रणा नीट काम करत नाही. पूर्वी मोठा जनरेटर घेण्याची शिक्षा काजळीत मिळायची. आता पॅनेलवर इशाऱ्याचे दिवेही लागतात.

उरले १०० आणि १२५. इथे तिने टिपणात स्पष्ट लिहिले की १०० केव्हीएवरही हे रुग्णालय चालेल, आणि रात्रीच्या कमी भाराला तो जास्त बरा. तरीही तिने १२५ निवडला, त्याची दोन कारणे दिली. टायमर उद्या पुन्हा कोणीतरी हलवला, तर १०० वर व्होल्टेज पाव भागाने पडेल आणि त्या पातळीला काही काँटॅक्टर सुटतात, काही सुटत नाहीत. १२५ वर ते सुटण्याची शक्यता कमी. दुसरे, डायलिसिसच्या चार खाटा पुढच्या वर्षी येणार हे डॉक्टरांनी लेखी दिले होते. दुसऱ्या विक्रेत्याचा आकडा बरोबर निघाला तो असा, त्याच्या गणिताशी काहीही संबंध नसताना. रात्री दीर्घकाळ वीज नसेल, तर ऑटोक्लेव्ह आणि पाण्याचा पंप दिवसाऐवजी रात्री चालवावा, म्हणजे इंजिन तीस टक्क्यांच्या वर राहील, अशी सूचनाही तिने जोडली. परिचारिकांना ती फारशी आवडली नाही.

जनरेटरच्या पाटीवर केव्हीएच्या शेजारी एक छोटा शब्द असतो, आणि बहुतेक खरेदीदार तो वाचत नाहीत. तोच जनरेटर ‘स्टँडबाय’ म्हणून मोठ्या आकड्याला आणि ‘प्राइम’ म्हणून सुमारे दहा टक्के लहान आकड्याला विकता येतो. आयएसओ ८५२८ या मानकानुसार आणीबाणीचा स्टँडबाय आकडा वर्षाला २०० तासांपर्यंतच वापरायचा असतो, त्यावर ओव्हरलोडची मुभा नसते, आणि चोवीस तासांचा सरासरी भार सत्तर टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. प्राइमला तासांची मर्यादा नाही, सरासरी सत्तर टक्क्यांचीच. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयाला २०० तास भरपूर होतील. सावंतवाडीत मे महिन्यातली वळवाची वादळे, जून-जुलैत तारांवर पडणाऱ्या फांद्या आणि आठवड्याचे देखभालीचे शटडाउन एकत्र केले, तर रुग्णालयाच्या लॉगबुकात एका वर्षी ही मर्यादा ओलांडलेली दिसत होती. म्हणून टिपणात “१२५ केव्हीए, प्राइम” असे दोन्ही शब्द अधोरेखित होते. तिसऱ्या ओळीत अल्टरनेटरच्या गुंडाळ्या कोरड्या ठेवणारा हीटर मागितला होता. कोकणच्या पावसाळ्यात बंद उभ्या यंत्राला ओल धरते, आणि वीज गेल्यावर गरज पडते ती अशाच यंत्राची.

वीज गेल्यापासून जनरेटर भार घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढा वेळ आयसीयू आणि थिएटरचे दिवे, मॉनिटर, व्हेंटिलेटर यूपीएसवर राहतात. त्यानंतर सगळे भार एकदम अंगावर येऊ नयेत म्हणून तिने क्रम लावला. आधी जीवनावश्यक फीडर आणि यूपीएस. तीस सेकंदांनी कॉम्प्रेसर, तोवर प्लांटच्या टाकीतला ऑक्सिजन आणि राखीव सिलिंडर पुरतात. मग लिफ्ट, शेवटी एसी एकेक करून. मोठी मोटर रिकाम्या जनरेटरवर सर्वांत आधी सुरू करावी, असा कारखान्यांतला रिवाज आहे आणि यंत्राच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण रुग्णालयात आयसीयूला कॉम्प्रेसरच्या रांगेत उभे करता येत नाही, म्हणून जास्तीचा व्होल्टेज-ड्रॉप पत्करावा लागतो. क्ष-किरण यंत्राचा भार क्षणाचाच, पण मोठा. कॉम्प्रेसर सुरू होत असताना एक्सपोजर घेता येणार नाही असा इंटरलॉक तिने मागितला.

डिझेलच्या भागावर सर्वांत जास्त वाद झाला.

मे २०२१ च्या मध्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वायरमन काकांना ते दिवस लख्ख आठवत होते. “डिझेल हाडूक गेलंय, तर पंपार लायटच नाय. आणि लायन ही!” पंपावरचे डिझेल विजेनेच वर येते, हे एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरांचे म्हणणे होते की गाव महामार्गाला लागून आहे, डिझेल कधीही मिळेल. तिने त्या म्हणण्यापुढे काकांचा अनुभव ठेवला आणि साठा ७२ तासांचा धरला. वीज तीन दिवस जाईल असा त्याचा अर्थ नव्हता. रस्त्यावरची झाडे हटून पंप सुरू व्हायला आणि गर्दी ओसरायला तेवढा वेळ लागू शकतो, एवढाच होता.

तासाला किती डिझेल? विक्रेत्याच्या पत्रकात पूर्ण भारावरचा आकडा असतो, सुमारे २७ लिटर. त्याने ७२ तासांना १,९०० लिटरहून अधिक लागतात. पण रेकॉर्डरवरचा चोवीस तासांचा सरासरी भार ४५ किलोवॉट होता. अर्ध्या भारावर इंजिन दर युनिटमागे थोडे जास्त पिते, म्हणून तिने युनिटला ०.२८ लिटर धरले: तासाला तेरा लिटरच्या आत-बाहेर, तीन दिवसांना सुमारे ९३५. पत्रकातला आणि मोजलेला आकडा यांत दुपटीचा फरक पडला. म्हणून टिपणात उत्तराच्या आधी गृहीतक आहे: “सरासरी भार ४५ किलोवॉट. डायलिसिस आल्यावर हा आकडा पुन्हा मोजावा.”

पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ब वर्गात येते. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकेका भांड्यात १,००० लिटरपर्यंत साठा परवान्याशिवाय ठेवता येतो; त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’चे दार ठोठावावे लागते. बाजारात ९९० लिटरच्या टाक्या सर्रास दिसतात त्या यामुळेच. पण ९९० च्या टाकीत वापरायला ९९० मिळत नाहीत. वर फुगायला जागा सोडावी लागते, तळाला गाळ आणि पाणी बसते, नळी त्याच्या वर असते. तिने ८९० धरले. जनरेटरच्या पाटाखालची स्वतःची टाकी सुमारे २०० ची, तिचे १८० उपयोगी. मिळून ८२ तास. कागदावर हिशेब बसला.

काकांनी टाकीकडे बोट दाखवून विचारले, “पण भरून ठेवतलो कोण?” प्रश्न रास्त होता. टाकी भरलेली धरली तर ८२ तास; ती अर्धी असताना वादळ आले तर जेमतेम ४८. म्हणून ७०० लिटरला नवी मागणी, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात टाकी काठोकाठ, असे दोन आकडे टाकीच्या काचेवर रंगवून द्यायचे ठरले. तळाचे पाणी महिन्याला काढायचे, कारण दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत घाम धरतो, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर वाढणारी बुरशी फिल्टर चोंदवते. इंजिन दहा मिनिटे चालून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा पडते, तेव्हा आधी फिल्टरची वाटी उघडून पाहावी. डीईएफ डिझेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास लागते, म्हणून वीस लिटरचे तीन डबे औषधभांडाराच्या थंड खोलीत.

टाकी कुठे ठेवायची, यावर ती हटून बसली. आराखड्यात ती मागच्या उतारावर, जमिनीखाली अर्धी पुरलेली होती, जागा वाचावी म्हणून. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणच्या एका कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि तिथे आठ रुग्ण दगावल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्याआधी २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले, आणि माणसांनी जिन्याने हातोहात डिझेल वर पोचवले. सावंतवाडीतल्या या जागेला नदीचा धोका नाही, उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या लोंढ्यांचा आहे. टाकी, पंप आणि पॅनेल तिन्ही जमिनीपासून अडीच फूट उंच ओट्यावर गेले. ओट्याभोवती टाकीभर डिझेल मावेल एवढा कठडाही आला, गळती झाली तर ती गटारात जाऊ नये म्हणून.

जनरेटर आला तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने कारखान्यातल्या चाचणीचा कागद पुढे केला. तिने तो घेतला आणि कॉम्प्रेसर सुरू करायला सांगितला. आयसीयूचा फीडर आणि दोन एसी चालू असताना व्होल्टेज ४१५ वरून ३८० पर्यंत पडले आणि लगेच सावरले. मग तिने टायमर मुद्दाम तीन सेकंदांवर ठेवला. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, असे करत नाहीत. “दोन वर्षांनी कोणीतरी करेल,” असे म्हणत तिने बटण दाबले. ३३५. दिवे मंदावले, काँटॅक्टर टिकले. टायमर परत नऊवर आणून तिने त्यावर लाखेचा ठिपका दिला.

शेवटचा वाद महिन्याच्या चाचणीवरून. आजवर दर सोमवारी जनरेटर भाराशिवाय दहा मिनिटे चालवून वहीत ‘ओके’ लिहिले जाई. तिला महिन्यातून एकदा मेन खरोखर बंद करून, किमान तीस किलोवॉट भारावर अर्धा तास हवा होता. भरल्या रुग्णालयाची वीज मुद्दाम घालवायची कल्पना डॉक्टरांना पटेना. शेवटी पहिल्या बुधवारी दुपारी अडीचची वेळ ठरली: ओपीडी संपलेली असते, थिएटर रिकामे असते, आणि ऑटोक्लेव्ह नेमका त्याच वेळी लावता येतो.